०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड आणि त्याचं ०.०२ मोलर: मोल कुठे हरवतात

प्रश्न: सर, अकरावीच्या प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायचं होतं आणि त्यातून ०.०२ मोलर करायचं होतं. आम्ही ३.१५ ग्रॅम घेतलं. मग त्यातलं २० मिली घेऊन त्यात १०० मिली पाणी घातलं. टायट्रेशनला पहिल्या द्रावणाच्या १० मिलीला १९.८ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं, पातळ केलेल्याच्या १० मिलीला ३.३ मिली. बाई म्हणाल्या पातळ द्रावण चुकलंय. शेजारच्या गटाला तर पहिल्याच द्रावणाला १४.१ मिली आलं, सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली तीच होती. नक्की कुठे चुकतं?

उत्तर:

तुम्ही रीडिंग दिलीत हे फार बरं केलंत, कारण दोन्ही चुका त्या आकड्यांतच दिसतात.

आधी तुमच्या गटाचं बघू. १९.८ ला ३.३ ने भागलं की बरोबर ६ येतात. म्हणजे तुमचं दुसरं द्रावण पहिल्याच्या सहापट पातळ झालं. ०.१ चं ०.०२ करायचं तर ते पाचपट पातळ व्हायला हवं होतं आणि रीडिंग ३.९६ च्या आसपास यायला हवं होतं. हे सहा आले कुठून? २० मिली द्रावणात १०० मिली पाणी घातलं की एकूण १२० मिली होतं, आणि १२० म्हणजे २० च्या सहापट. तेव्हा तुमचं पातळ द्रावण ०.०२ नसून ०.०१६७ मोलर आहे. पिपेट, ब्युरेट, हात सगळं ठीक होतं. पाणी १०० मिली *घालायचं* नव्हतं, द्रावण १०० मिली *होईपर्यंत* घालायचं होतं.

शेजारच्या गटाची चूक वेगळी आहे आणि ती त्याहून आधी झालेली आहे. त्यांच्या १४.१ ला तुमच्या १९.८ ने भागा, ०.७१ येतात. आता ऑक्झॅलिक ॲसिडचं रेणुवस्तुमान स्फटिकजलाशिवाय ९० आणि स्फटिकजलासह १२६. ९० भागिले १२६ म्हणजेही ०.७१. त्यांनी बहुधा C आणि H, O मोजून ९० काढलं, त्यावरून २.२५ ग्रॅम वजन केलं आणि बाटलीतून मात्र स्फटिकजल असलेलं ॲसिड घेतलं. सोडियम हायड्रॉक्साइड एकाच बाटलीतलं होतं म्हणून ही तुलना करता आली. ते वेगवेगळं असतं तर दोन गटांची रीडिंग एकमेकांशी लावून काहीच कळलं नसतं.

आता हा प्रयोग कसा करायचा ते पहिल्यापासून सांगतो, आणि एकच गोष्ट धरून सांगतो: फ्लास्कमध्ये ॲसिडचे किती मोल आहेत. वजन करताना ते ठरतात, ओतताना ते हरवू शकतात. खूण ओलांडली तर ते तेवढेच राहतात पण जास्त पाण्यात पसरतात, आणि पिपेटने त्यांचा ठरावीक वाटा उचलला जातो. प्रत्येक पायरीला हा हिशोब मनात ठेवला की काय धुवायचं, कशाने धुवायचं आणि कुठे थांबायचं हे पाठ करावं लागत नाही.

वजन

शाळा-कॉलेजात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे पांढरे, पारदर्शक खडे. त्यांचं सूत्र H₂C₂O₄·2H₂O. बाटलीवर डायहायड्रेट असं लिहिलेलं असतं आणि जवळच रेणुवस्तुमान १२६.०७ छापलेलं असतं. हिशोबाला तोच आकडा घ्यायचा. खड्यातलं पाणी विरघळल्यावर बाकीच्या पाण्यात मिसळून जातं हे खरं, पण तराजू ते वेगळं काढत नाही. तुम्ही खडे तोलता तेव्हा पाणीही तोलत असता. मोरचूद घेतलंत तरी हेच: निळ्या खड्यांना २४९.७ घ्यायचे, १५९.६ नव्हे.

हिशोब सरळ आहे. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ०.१ मोल. आपल्याला पाव लिटर हवं, म्हणजे ०.०२५ मोल. त्याला १२६.०७ ने गुणलं की ३.१५ ग्रॅम. तुमच्याकडे दोन पारड्यांचा तराजू असेल तर वजनपेटीतली २ ग्रॅम आणि १ ग्रॅमची वजनं, अधिक १०० आणि ५० मिलिग्रॅमच्या पत्र्या. त्या चिमट्यानेच उचलायच्या.

इथे बहुतेक मुलं बराच वेळ घालवतात. स्पॅच्युलाने दोन खडे टाकायचे, एक काढायचा, परत टाकायचा, ३.१५ जुळेपर्यंत हेच. त्याची गरज नाही. वजन ३.१५ च्या जवळपास असलं की पुरे, मात्र ते किती आहे हे नक्की माहीत हवं. समजा वॉच ग्लास खड्यांसकट २४.८३ ग्रॅम भरली. खडे बीकरमध्ये टाकले आणि तीच वॉच ग्लास परत तोलली, ती २१.६२ भरली. म्हणजे बीकरमध्ये गेले ३.२१ ग्रॅम. काचेला चिकटलेली भुकटी आपोआप हिशोबाबाहेर गेली. आता ३.२१ ला १२६.०७ ने भागा, आलेल्या मोलना ०.२५ ने भागा: ०.१०१८ मोलर. वहीत आणि लेबलवर हाच आकडा लिहायचा. जर्नलमध्ये नेमकं ०.१००० दिसावं म्हणून वजनाचा आकडा बदलून लिहिणं हे मात्र कधीही करू नका. ०.१०१८ हे उत्तम द्रावण आहे, कारण ते किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

बाटलीकडेही एकदा नीट बघा. खडे चकचकीत आणि पारदर्शक असतील तर बरं. त्यांच्यावर खडूसारखा पांढरा थर चढला असेल तर त्यांनी थोडं स्फटिकजल सोडलेलं आहे. तसे खडे ३.१५ ग्रॅम घेतले तर त्यात पाणी कमी आणि ॲसिड जास्त येतं, आणि द्रावण ठरवल्यापेक्षा तीव्र होतं. याच कारणासाठी ऑक्झॅलिक ॲसिड ओव्हनमध्ये ‘कोरडं’ करून घ्यायचं नसतं. बाकी काही पदार्थांना ते चालतं, याला नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असं वजनावरून नेमकं करता येत नाही, कारण त्याच्या गोळ्या वजन करता करताच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. पारड्यात ४ ग्रॅम दिसले तरी त्यातलं हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम नसतं. म्हणून तुमच्या प्रयोगात ऑक्झॅलिक ॲसिड हे प्रमाण आणि सोडियम हायड्रॉक्साइड हे तपासायचं, अशी रचना असते.

मग थेट ०.०२ च का करत नाही?

तुमच्या प्रश्नात हे नाही, पण तो विचार आला नाही तर पातळ करण्याची सगळी खटपट उगाचच वाटेल. ०.०२ मोलरचं १०० मिली थेट करायचं तर लागतात ०.२५ ग्रॅम. शाळेतला इलेक्ट्रॉनिक तराजू साधारणपणे दोन दशांश स्थळं दाखवतो, म्हणजे शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे होणार. ०.२५ मध्ये ०.०१ म्हणजे चार टक्के. तोच ०.०१ चा फरक ३.१५ मध्ये पडला तर ०.३ टक्के. तराजू तोच, हात तोच, पण जास्त वजन घेतलं की चूक दहापटीहून कमी होते. मग ते पातळ करायला पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क वापरायचे, ज्यांची चूक २० मिलीत सहा शतांश मिलीच्या आसपास, म्हणजे पुन्हा ०.३ टक्के. दोन्ही मिळूनही एका टक्क्याच्या आत राहतं. म्हणून आधी तीव्र स्टॉक आणि मग त्यातून पातळ.

विरघळवणं आणि फ्लास्कमध्ये नेणं

१०० मिलीच्या बीकरमध्ये खडे घ्या आणि ६०-७० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको. त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटशी मिळून न विरघळणारा क्षार बनवतं, पाणी जड असेल तर द्रावण गढूळ दिसतं आणि तेवढं ऑक्झॅलेट द्रावणातून निघून जातं. काचकांडीने ढवळत राहा. मोठे खडे विरघळायला वेळ लागतो. किंचित कोमट केलं तरी चालेल, पण मग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असं छापलेलं दिसेल. खुणेचं २५० मिली हे त्या तापमानालाच खरं. ५० अंशाचं गरम द्रावण खुणेपर्यंत भरलंत तर २७ अंशाला येईपर्यंत ते दोन मिलीहून थोडं जास्त आकसतं, आणि द्रावण जवळजवळ एक टक्का तीव्र होऊन बसतं.

आता फ्लास्कवर फनेल ठेवा आणि द्रावण काचकांडीच्या आधाराने ओता. बीकर रिकामा दिसला की काम झालं असं वाटतं, पण मोल हरवण्याची मुख्य जागा हीच. बीकरच्या भिंतीला, तळाला आणि कांडीला मिळून सहज २ मिली द्रावण चिकटून राहतं. ७० मिलीत सगळं ॲसिड होतं, त्यातलं २ मिली मागे राहिलं म्हणजे जवळजवळ ३ टक्के ॲसिड बीकरमध्येच राहिलं. आता वॉश बॉटलने कडेकडेने १५ मिली पाणी फिरवा आणि ते फ्लास्कमध्ये ओता. परत २ मिली मागे राहील, पण ते आता १७ मिलीत पसरलेलं आहे. मागे राहिलेलं ॲसिड ३ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांच्या जरा वर आलं. दुसऱ्यांदा धुतलं की ०.०४, तिसऱ्यांदा धुतलं की मोजण्यासारखं काही उरत नाही. एकदाच ४५ मिलीने धुण्यापेक्षा तीनदा १५ मिलीने धुणं किती बरं, ते यावरून कळेल. काचकांडी आणि फनेलही आतून धुऊन घ्या आणि ते पाणीही फ्लास्कमध्येच जाऊ द्या. फनेल काढण्याआधी त्याची दांडी फ्लास्कच्या वरच धुवा.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आतून ओला असला तरी हरकत नाही, पाणी तर घालायचंच आहे. पण तो फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुतलेला हवा.

खूण

फ्लास्क अर्धा-पाऊण भरला की मान धरून गोल फिरवा, म्हणजे खालचं जड द्रावण वरच्या पाण्यात मिसळेल. मग खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर खालपर्यंत पाणी घाला आणि एक-दोन मिनिटं थांबा. मानेला वर चिकटलेलं पाणी खाली उतरतं. पुढचं ड्रॉपरने, थेंबाथेंबाने.

डोळा खुणेच्या पातळीत आणा. मानेभोवतीची रेघ पुढून आणि मागून अशी दोन दिसते. त्या दोन्ही एकावर एक आल्या की डोळा बरोबर जागी आहे असं समजायचं. द्रावणाच्या वाटीदार पृष्ठभागाचा सर्वांत खालचा भाग त्या रेघेला टेकला पाहिजे. मागे पांढरा कागद धरला तर तो भाग स्वच्छ दिसतो. फ्लास्क टेबलावर ठेवूनच बघा, हातात उचलून नको, तो नेहमी थोडा तिरका होतो.

इथे घाई झाली तर किती चुकतं? मानेचा व्यास दीड सेंटिमीटर धरला तर एक मिलिमीटर उंचीत ०.१८ मिली मावतं. २५० मिलीत हे ०.०७ टक्के, नगण्य. पण धार जोरात सोडली आणि पाणी खुणेच्या एक सेंटिमीटर वर गेलं तर ती पावणेदोन मिली होतात, ०.७ टक्के. तेव्हा वर गेलेलं द्रावण ड्रॉपरने काढून टाकायचं नाही. त्यात ॲसिड असतं, तुम्ही फक्त पाणी काढत नसता. द्रावण पातळ झालेलं आहे ते पातळच राहतं, आणि वर मोलही गेले.

वेळ असेल तर सगळं ओतून पहिल्यापासून करा. वेळ नसेल तर एक प्रामाणिक वाट आहे. द्रावण जिथवर गेलंय तिथे मानेवर कागदाची पट्टी चिकटवा. द्रावण नीट मिसळून दुसऱ्या बाटलीत काढा, फ्लास्क धुवा, पाण्याने मूळ खुणेपर्यंत भरा आणि मग ब्युरेटमधून पट्टीपर्यंत पाणी सोडा. १.८ मिली गेलं तर तुमचं आकारमान २५१.८ मिली. मोलना त्याने भागा आणि खरी मोलॅरिटी लिहा.

याच जागी तो ‘पाणी घालणं’ आणि ‘खुणेपर्यंत भरणं’ यातला फरक येतो. ३.१५ ग्रॅम खडे २५० मिली पाण्यात टाकले तर एकूण आकारमान २५२ मिलीच्या आसपास होतं. चूक एका टक्क्याच्याही आत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि सवय तशीच राहते. हीच सवय साखरेला लावून बघा. एक मोल साखर, ३४२ ग्रॅम, एक लिटर पाण्यात विरघळवली तर द्रावण सुमारे १.२ लिटर होतं. एक मोलर म्हणून लेबल लावलेल्या बाटलीत खरं तर ०.८३ मोलर असतं.

आता बूच लावा, अंगठ्याने दाबून धरा आणि फ्लास्क पूर्ण उलटा करा. हवेचा बुडबुडा मानेतून तळापर्यंत जाऊ द्या, मग सरळ करा. असं पंधरा-वीस वेळा. नुसतं हलवून चालत नाही, कारण बारीक मानेतलं पाणी खालच्या द्रावणात मिसळतच नाही. उजेडासमोर धरलं तर न मिसळलेल्या द्रावणात साखरेच्या पाकासारख्या रेषा तरंगताना दिसतात. त्या दिसेनाशा होईपर्यंत तरी उलटंपालटं करायला हवं.

मिसळून झाल्यावर द्रावण खुणेच्या किंचित खाली गेलेलं दिसेल. बुचाला आणि मानेला थोडं चिकटतं म्हणून ते तसं दिसतं. इथे परत पाणी घालून खुणेवर आणायचं नाही. २५० मिली एकदा भरलं गेलं, तो आकडा तिथेच पक्का झाला. वर पाणी घातलंत तर ते जास्तीचं पाणी.

पातळ करणं

आता तुमची मुख्य अडचण. M₁V₁ = M₂V₂ हे सूत्र तुम्हाला पाठ असेलच. यात मोलॅरिटी गुणिले आकारमान म्हणजे मोल, एवढंच. पिपेटने उचललेले मोल आणि नव्या फ्लास्कमधले मोल सारखेच, असं ते सांगतं. ०.१ मोलरच्या २० मिलीत २ मिलीमोल ॲसिड असतं. तेच २ मिलीमोल १०० मिलीत पसरले की ०.०२ मोलर. V₂ म्हणजे शेवटचं एकूण आकारमान, घातलेलं पाणी नाही. तुम्ही V₂ च्या जागी पाणी घेतलंत, म्हणून सहावा भाग आला.

आकारमान कसं निवडायचं? कपाटात काय आहे ते बघून. पाचपट पातळ करायचंय, म्हणून २० मिलीची पिपेट आणि १०० मिलीचा फ्लास्क, किंवा ५० ला २५०, किंवा १० ला ५०. एखाद्या वेळी ०.०३ मोलर हवं असेल तर ३० मिली लागतील. तशी पिपेट नसते, पण स्टॉकने भरलेल्या ब्युरेटमधून ३०.० मिली सोडता येतं आणि ते चांगलं अचूक असतं. मेजरिंग सिलिंडर मात्र इथे नको. २५ मिलीच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या मिलीची चूक सहज होते, म्हणजे २० मिलीत अडीच टक्के. वजन इतक्या जपून केल्यावर तिथे सगळं घालवण्यात अर्थ नाही.

स्टॉक एका लहान, कोरड्या बीकरमध्ये थोडं काढून घ्या. पिपेट थेट स्टॉकच्या फ्लास्कमध्ये घालू नका. बीकर ओला असेल तर आधी स्टॉकनेच खळबळून ते फेकून द्या. पिपेटही तशीच, दोन-तीन मिली स्टॉक ओढून आडवी फिरवायची आणि ते टाकून द्यायचं, असं दोनदा. आणि १०० मिलीचा फ्लास्क? तो फक्त पाण्याने. हे उलटसुलट झालं तर किती बिघडतं ते बघा. पिपेट पाण्याने ओली राहिली तर आत ०.२ मिली पाणी धरा, २० मिलीत एक टक्का ॲसिड कमी. फ्लास्क स्टॉकने खळबळून त्यात एक मिली चिकटलेलं राहिलं तर ०.१ मिलीमोल ॲसिड वाढलं, दोन मिलीमोलच्या हिशोबात पाच टक्के जास्त. पिपेट *मोजते*, म्हणून तिच्यात तेच द्रावण हवं. फ्लास्कमध्ये मोल *मोजून येतात*, म्हणून त्यात आधीचं काही नको.

तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब लावा. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, तोंडात जाता कामा नये. हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. पिपेटचं टोक द्रावणात दीड-दोन सेंटिमीटर बुडालेलं ठेवा, पातळी खाली जाऊन टोक उघडं पडलं की हवा जोरात आत जाते. खुणेच्या वर ओढा, टोक बाहेरून टिश्यूने पुसा, मग पिपेट उभी धरून खुणेपर्यंत सोडा. फ्लास्कमध्ये रिकामी करताना टोक मानेच्या आतल्या बाजूला टेकवा, आपोआप वाहू द्या आणि थांबल्यावर काही सेकंद तसंच धरा. टोकात एक थेंब उरतो. तो फुंकून काढायचा नाही. पिपेटवरची खूण तो थेंब आत राहतो असं धरूनच आखलेली असते.

मग तेच, पाणी घाला, फिरवा, एक सेंटिमीटर खाली थांबा, ड्रॉपरने खुणेवर आणा, पंधरा-वीस वेळा उलटं करा. स्टॉक ०.१०१८ असेल तर हे ०.०२०४ होईल. तोच आकडा लेबलवर.

बरोबर झालं हे कसं कळेल?

तुमच्या पद्धतीत एक कमजोरी आहे. पातळ द्रावणाच्या १० मिलीला जेमतेम ४ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. ब्युरेटच्या रीडिंगमध्ये ०.१ मिलीचा घोळ झाला तरी तो अडीच टक्क्यांचा. तुमची चूक मोठी होती म्हणून ती दिसली, लहान असती तर दिसली नसती.

त्यापेक्षा असं करा. स्टॉकचं १० मिली एका शंकुपात्रात घ्या. दुसऱ्या शंकुपात्रात पातळ द्रावणाचं ५० मिली घ्या, म्हणजे २५ मिलीची पिपेट दोनदा. पाचपट पातळ झालं असेल तर दोन्हींत ॲसिडचे मोल तेवढेच, एक मिलीमोल. तेव्हा दोन्हींना सारखंच सोडियम हायड्रॉक्साइड लागलं पाहिजे, तुमच्या बाटलीने १९.८ मिली. सोडियम हायड्रॉक्साइड नेमकं किती मोलर आहे हे माहीत नसलं तरी ही तुलना खरी राहते. तुमच्यासारखी २० अधिक १०० ची चूक झाली असेल तर दुसरं रीडिंग १६.५ येईल. दुसरं रीडिंग १ मिलीने जास्त, २०.८ च्या आसपास येत असेल तर फ्लास्क स्टॉकने धुतला गेला का ते विचारा. एकाच द्रावणाची लागोपाठची रीडिंग एकमेकांशी जुळत नसतील तर बहुधा फ्लास्क नीट मिसळलेला नाही. तेव्हा पिपेटने एकदा वरचं आणि एकदा खालचं द्रावण घेतलेलं असतं.

फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. नंतर तो हळूहळू जातो, विशेषतः ५० मिलीच्या पात्रात, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत असतो. तो गेला म्हणून पुन्हा थेंब टाकत बसू नका.

पण ही तपासणी फक्त पातळ करणं बरोबर झालं का एवढंच सांगते. स्टॉकच चुकलेलं असेल, शेजारच्या गटासारखं, तर दोन्ही पात्रांना सारखंच १४.१ येईल आणि सगळं छान जुळल्यासारखं वाटेल. त्यासाठी दुसऱ्या गटाचं स्टॉक हवं, तेच सोडियम हायड्रॉक्साइड हवं. दोन गटांनी वेगवेगळं वजन करून केलेली स्टॉक्स हिशोबाप्रमाणे जुळली तरच दोघांची वजनं आणि रेणुवस्तुमान बरोबर. तेव्हाही दोघांनी ९० घेतलं नसेल ना, हे बाटलीवर पाहून खात्री करा.

तुमचं आणि त्यांचं स्टॉक अजून बाटलीत असेल तर दोन्ही टाकून देऊ नका. तुमचं स्टॉक चांगलं आहे. नव्याने वजन न करता फक्त २० मिली पिपेट करा आणि १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. शेजारच्यांनी खरंच २.२५ ग्रॅम घेतलं असेल, आणि ते त्यांच्या वहीत असेलच, तर त्यांचं द्रावण ०.०७१४ मोलर आहे. लेबल खोडून तो आकडा लिहायचा. ०.०२ मोलरच्या १०० मिलीला २ मिलीमोल हवेत. २ भागिले ०.०७१४ म्हणजे २८.० मिली. तेवढं त्यांनी ब्युरेटमधून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये सोडावं आणि खुणेपर्यंत पाणी भरावं. मग त्यांच्या आणि तुमच्या ०.०२ मोलरचं प्रत्येकी ५० मिली एकाच सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. दोघांनाही १९.८ च्या आसपासच यायला हवं.